गोलकीपर ग्लोव्हज: लेटेक्स कुठलं, कट कुठला आणि ग्रिप टिकवायची कशी

माझे पहिले चांगले ग्लोव्हज तीन आठवड्यांत गेले. फाटले वगैरे नाहीत, पण तळव्याच्या खालच्या बाजूला, मनगटाला लागून, लेटेक्स घासून घासून आतलं कापड दिसायला लागलं आणि उरलेला तळवा कडक आणि चकचकीत होऊन बसला. घेताना मी एकच परीक्षा घेतली होती, अंगठ्याने तळवा दाबायचा आणि सगळ्यात मऊ, सगळ्यात चिकट जो लागेल तो उचलायचा. खेळायचो मात्र आर्टिफिशियल टर्फवर, आठवड्यातून चार दिवस, आणि प्रॅक्टिस झाली की ग्लोव्हज तसेच ओले बॅगेत. म्हणजे ग्लोव्हजचा काही दोष नव्हता, ते बिचारे मऊ गवतावरच्या मॅचसाठी बनवलेले होते.

गेल्या सीझनला भाच्याने विचारलं, "मामा, कीपर झालोय टीमचा, ग्लोव्हज कुठले घेऊ?" तेव्हा त्याच्यासोबत बसून सगळं पहिल्यापासून केलं, हात मोजण्यापासून ते धुऊन वाळत घालण्यापर्यंत. खाली तेच लिहितोय, त्याच क्रमाने. कीपिंग नवीन असेल तर याच क्रमाने जा, कारण बहुतेक जण आधी रंग आणि कट बघतात, ग्राउंडचा विचार शेवटी करतात आणि तिथेच फसतात.

आधी हे लेटेक्स प्रकरण काय आहे ते

तळव्यावर जो मऊ थर असतो तो म्हणजे लेटेक्सचा फोम, नैसर्गिक रबर आणि सिंथेटिक रबर यांचं मिश्रण, आत असंख्य बारीक छिद्रं. साधारण ३ ते ४ मिलिमीटर जाड असतो आणि त्याच्या मागे अजून एक पातळ फोमचा थर असतो, तो धक्का सोसायला. बॉल येऊन आदळला की हा फोम दबतो, बॉलच्या आकारात बसतो आणि जितका जास्त पृष्ठभाग बॉलला टेकतो तितकी पकड. म्हणून मऊ लेटेक्स जास्त पकडतं. आणि नेमकं म्हणूनच लवकर झिजतं, कारण जे सहज दबतं ते सहज खरवडलंही जातं. या दोन गोष्टी एकत्र येतात, एक घेऊन दुसरी टाळता येत नाही, "भरपूर ग्रिप आणि भरपूर टिकाऊ" असं पॅकेटवर लिहिलेलं असेल तर वाचून हसायचं आणि पुढे जायचं.

अजून एक, पकड ही नुसती मऊपणावर नाही, ओलाव्यावरही आहे. लेटेक्स थोडं दमट असलं की पृष्ठभाग जिवंत असतो, चिकट लागतो. कोरडं पडलं की वरचा थर ताठ होतो, त्यात धूळ भरते, छिद्रं बुजतात आणि मग बॉल हातात येऊन निसटतो, आपण म्हणतो ग्लोव्हज वाईट निघाले. बऱ्याचदा ते वाईट नसतात, फक्त घाणेरडे आणि कोरडे असतात.

पायरी १: तुम्ही कशावर खेळता ते प्रामाणिकपणे लिहून काढा

खरंच, कागदावर लिहा. आठवड्यातून किती वेळा, कशावर, त्यात मॅच किती, प्रॅक्टिस किती. भाच्याचं असं निघालं: मंगळवार-गुरुवार टर्फवर प्रॅक्टिस, शनिवारी गवताच्या ग्राउंडवर मॅच. म्हणजे तीनपैकी दोन दिवस तो टर्फवर. टर्फवर प्लास्टिकची पाती असतात, मध्ये वाळू आणि बऱ्याचदा रबराचे काळे दाणे, आणि त्यावर डाइव्ह मारून हात घासत नेणं म्हणजे लेटेक्ससाठी सॅन्डपेपर. मातीचं कडक ग्राउंड त्याच जातीचं, फक्त वर धूळ जास्त.

आता ग्रेड. इथे गोंधळ होतो कारण नावांना काही कायदा नाही, प्रत्येक कंपनी स्वतःची नावं ठेवते. तरी मोटामोटी तीन कप्पे करता येतात.

पहिला, मॅचचं मऊ लेटेक्स. बऱ्याचदा "कॉन्टॅक्ट" किंवा "गिगा" असं नाव दिसतं. बोटाने दाबलं की खोल जातं आणि हळू वर येतं, ओलं केलं की बॉल हाताला चिकटतो असं वाटतं. नरम गवतावरच्या मॅचसाठी उत्तम, टर्फवर मात्र लवकर टक्कल पडतं.

दुसरा, मधला. "सुपरसॉफ्ट", "सॉफ्ट" वगैरे नावं. आणि इथे गंमत आहे, "सुपरसॉफ्ट" नाव ऐकून वाटतं हेच सगळ्यात मऊ असणार, पण बऱ्याच कंपन्यांच्या यादीत ते मधल्या कप्प्यात बसतं. म्हणून नावावर विश्वास ठेवू नका, त्याच कंपनीच्या यादीत ते कितव्या नंबरला आहे ते बघा.

तिसरा, टिकाऊ. त्यात सिंथेटिक रबर जास्त, वरून हात फिरवला तर किंचित कडक, थोडं खरखरीत लागतं. टर्फ, हार्ड ग्राउंड, प्रॅक्टिस असं काहीतरी लिहिलेलं असतं. कोरड्यात पकड ठीकठाक, ओल्या बॉलला थोडी कमी पडते, पण पहिल्या आठवड्यात आणि दहाव्या आठवड्यात फरक कमी असतो, आणि नवीन कीपरला हेच हवं असतं, रोज तोच अंदाज.

शिवाय एक "अ‍ॅक्वा" नावाचा प्रकार येतो, पावसासाठी. भरपूर पाण्यातही पकडतो पण कोरड्यात तितका नाही, आणि तो पहिला जोड म्हणून अजिबात घेऊ नका.

जाडीचं काय? ४ मिमी म्हणजे ३ पेक्षा जास्त ग्रिप असं नाही. जाडीने उशी जास्त मिळते आणि झिजायला थोडं जास्त मटेरियल मिळतं, बस. पकड ठरवतं ते मिश्रण. आणि लहान मुलांच्या खेळण्यातल्या ग्लोव्हजवर तर बऱ्याचदा लेटेक्स नसतंच, प्लास्टिकसारखा गुळगुळीत थर असतो, अंगठ्याने दाबलं तर खड्डा पडत नाही आणि पाणी लावलं तर अजून घसरतो. ते ओळखायला तेवढी परीक्षा पुरेशी आहे.

भाच्याचं ठरलं असं: पहिला जोड टिकाऊ लेटेक्सचा, तो प्रॅक्टिसलाही आणि मॅचलाही. मऊवाला जोड दोन महिन्यांनी, फक्त शनिवारसाठी. त्याला हे पटलं नव्हतं, त्याला पहिल्याच दिवशी तो चिकट जोड हवा होता. मी म्हटलं घे, पण मग मंगळवारी टर्फवर घालायचा नाही. तेव्हा गप्प बसला.

पायरी २: हात मोजा

मऊ टेप घ्या, नसेल तर दोरी आणि पट्टी. जो हात तुम्ही जास्त वापरता तो उघडा ठेवा, अंगठा बाजूला काढा, आणि बोटांच्या मुळाखाली जिथे तळवा सगळ्यात रुंद आहे तिथून गोल फिरवून घेर मोजा. अंगठा त्यात धरायचा नाही. इंचात जो आकडा येईल त्यात साधारण १ मिळवा, तो तुमचा साइजचा अंदाज. भाच्याचा घेर १९ सेंटीमीटर, म्हणजे भागिले २.५४ केलं तर साडेसात इंच, अधिक १, म्हणजे साडेआठ. साडेआठ साइज मिळते, बऱ्याच कंपन्या अर्धे नंबर काढतात. न काढणारी असेल तर ८ की ९ हा प्रश्न येतो, आणि तो कट बघून सोडवायचा, पुढे सांगतो.

बरोबर बसलाय हे कसं ओळखायचं? ग्लोव्ह घालून पट्टा आवळा, हात सरळ करा, बोटाच्या टोकापुढे अर्धा ते एक सेंटीमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. चिमटीत धरून बघा. टोकाला बोट टेकत असेल तर प्रत्येक बॉल पकडताना बोट शिलाईला आतून ढोसेल आणि शिलाई सुटेल. दोन सेंटीमीटर मोकळं असेल तर बोटांची टोकं रिकामी लोंबतात आणि बॉलचा स्पर्शच कळत नाही. "वाढत्या वयाचा आहे, एक नंबर मोठा घेऊ" असा घरचा सल्ला असतो. चपलांना चालेल, ग्लोव्हजला नाही, मोठ्या ग्लोव्हमध्ये हात आत फिरतो आणि लेटेक्सला पीळ बसतो.

पायरी ३: कट निवडा, पण हाताने, फोटोने नाही

कट म्हणजे तळव्याचा लेटेक्स आणि पाठीचा भाग बोटांच्या बाजूला कसे शिवलेत ते. एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीने ग्लोव्ह हातावर वेगळा लागतो.

फ्लॅट कट सगळ्यात जुना. तळव्याचा एक सपाट तुकडा, पाठीचा एक, आणि बोटांच्या बाजूने मध्ये कापडाची किंवा जाळीची पट्टी, शिलाई बाहेरच्या बाजूला. आत जागा भरपूर, रुंद हाताच्या लोकांना आरामाचा. पण बारीक बोटं असतील तर आत सैल वाटतं, बॉल आणि बोट यांच्यात अंतर पडल्यासारखं.

रोल फिंगर, याला कुणी गन कटही म्हणतं. यात तळव्याचा लेटेक्स बोटाभोवती गुंडाळून थेट पाठीला शिवतात, मधली पट्टी नसते. त्यामुळे बोटाच्या बाजूलाही लेटेक्स, म्हणजे बॉलला जास्त लेटेक्स लागतं, एका कडेने आलेला बॉल बोटावरून घसरत नाही. हाताला बऱ्यापैकी घट्ट.

निगेटिव्ह कट म्हणजे शिलाई आत वळवलेली. बोटाला चिकटून बसतो, बारीक हातांना फार आवडतो, बॉलचा अंदाज छान लागतो. त्रास एकच, आतली शिलाई काहींना नखांच्या बाजूने टोचते, आणि रुंद हातांना गुदमरल्यासारखं होतं.

मग हायब्रिड, दोन्ही मिसळून, कुठल्या बोटाला रोल, कुठल्याला निगेटिव्ह. हे नंतर, आवड कळल्यावर.

दुकानात किंवा मित्राचे ट्राय करताना मी तीन गोष्टी करतो. एक, मूठ घट्ट मिटायची आणि उघडायची, दहा वेळा, बोटांच्या मधल्या सांध्यापाशी लेटेक्सच्या जाड घड्या पडतात का बघायचं, घड्या म्हणजे ग्लोव्ह लांबीला मोठा आहे. दोन, एका हाताने दुसऱ्या हाताच्या ग्लोव्हचा तळवा धरून हलक्या हाताने फिरवायचा प्रयत्न करायचा, जसा बॉल फिरत येऊन हातात थांबतो. तळवा हातावरून सरकला तर तो मॅचमध्येही सरकणार, आणि प्रत्येक वेळी सरकताना लेटेक्स शिलाईपाशी ताणला जातो आणि तिथेच पहिली चीर पडते. तीन, पट्टा पूर्ण आवळून मनगट वाकवायचं, मागे पुढे, पट्टा खालच्या हाडावर रुतता कामा नये.

आता ८ की ९ चा प्रश्न: निगेटिव्ह घेत असाल तर मोठा, फ्लॅट घेत असाल तर लहान. रोल दोन्हीच्या मध्ये, ट्राय करूनच. भाच्याने निगेटिव्ह ९ आणि रोल साडेआठ दोन्ही घातले, निगेटिव्हमध्ये करंगळीच्या बाजूने शिलाई टोचली, रोल बरोबर बसला, विषय संपला.

बोटांच्या मागे जे प्लास्टिकचे कणे असतात, फिंगर सेव्ह म्हणतात, त्यांचा मोह नवीन कीपरला फार होतो. बोट मागे वाकू नये म्हणून असतात. पण त्यांनी मूठ मिटायला थोडी कडक होते आणि आपण बोटं बॉलमागे नीट न्यायला शिकतच नाही. बोटाला जुनी दुखापत असेल तर घ्या, नाहीतर पहिल्या जोडात नको. काढता येणारे असतील तर आणखी बरं, धुताना काढून ठेवायचे.

आणि हो, ज्यांना रबराची अ‍ॅलर्जी आहे, हातावर खाज, पुरळ येतं, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारा, नैसर्गिक लेटेक्सने ते वाढू शकतं.

पायरी ४: पहिल्या मॅचच्या आधीच एकदा धुवा

नवीन ग्लोव्ह पॅकेटमधून काढून थेट मॅचला घातले की हमखास बॉल निसटतो आणि लोक म्हणतात "छे, बेकार". कारण नव्या लेटेक्सवर बनवताना लागलेल्या पदार्थांचा पातळ थर राहिलेला असतो. तो धुऊन काढावा लागतो, मग छिद्रं उघडतात.

कसं धुवायचं ते नीट सांगतो, कारण पुढे दर वेळी हेच करायचंय. ग्लोव्हज हातात घाला. पट्टे बंद करा, वेल्क्रो उघडा ठेवला तर त्याचे काटे दुसऱ्या ग्लोव्हच्या लेटेक्समध्ये अडकून तुकडे काढतात, हे मी स्वतः केलंय, त्या तळव्यावर अजून तीन छोटी भोकं आहेत. मग नळाखाली कोमट पाणी, गरम नाही, हाताला जेमतेम ऊब लागेल इतकंच, ३० अंशांच्या आसपास. ग्लोव्हजसाठीचा खास वॉश असेल तर तो, नसेल तर थोडासा सौम्य साबण किंवा बेबी शॅम्पू, दोन-तीन थेंब. एका हाताच्या तळव्याने दुसरा तळवा गोल गोल फिरवत हलकेच चोळायचा, ब्रश नाही, नख नाही. फेसात मातीचा रंग येतो, तो पाण्याखाली धरून स्पंज दाबतो तसा दाबून काढायचा. पिळायचं नाही! पिळलं की लेटेक्स मागच्या फोमपासून सुटतं आणि फुगे येतात. पाणी स्वच्छ येईपर्यंत, फेस पूर्ण जाईपर्यंत धुवायचं, कारण आत राहिलेला साबण वाळून पुन्हा घसरण करतो.

नवा जोड असेल तर पहिल्यांदा पाणी थोडं गढूळ किंवा रंगीत निघतं, घाबरू नका.

पायरी ५: वाळवणं, इथे ग्लोव्हज सगळ्यात जास्त मरतात

हात बाहेर काढा. बोटांच्या टोकाला धरून ओढू नका, पट्टा पूर्ण मोकळा करा, मग एकेक बोट थोडं सैल करत मनगटाकडून सोडवा. मग ग्लोव्ह टॉवेलमध्ये ठेवून वरून तळहाताने दाबा, जादा पाणी टॉवेलमध्ये जातं. आतून वाळायला पहिले काही तास वर्तमानपत्राचा बोळा भरू शकता, पण तो नंतर काढा, ओला कागद आत राहिला की वास धरतो.

आता ठेवायचं कुठे. उन्हात नाही. हीटर, इस्त्री, ड्रायर, गाडीचं डॅशबोर्ड, काही म्हणजे काही नाही. ऊन आणि उष्णता नैसर्गिक रबराला आतून तोडतात, रबर कडक होऊन पिवळसर दिसतं, मग दाबलं की बारीक भेगा पडतात आणि नंतर बोट लावलं की पूड सुटते. हे उलटं फिरवता येत नाही, पाण्यात भिजवलं तरी नाही. सावलीत, हवा फिरेल अशा जागी, तळवे वर करून, एकमेकांना न टेकवता ठेवा. एक-दोन दिवस लागतात, लागू द्या.

एकमेकांना न टेकवता यावर जोर देतोय कारण तळव्याला तळवा लावून ठेवलेले ओले ग्लोव्हज वाळताना खरंच चिकटतात. सकाळी वेगळे करताना एकाचा थर दुसऱ्यावर निघून येतो आणि दोन्ही जातात. ठेवायचेच असतील तर पाठीला पाठ लावून, किंवा मध्ये एक प्लास्टिकचा पातळ कागद.

वाळले की पूर्ण खडखडीत वाळू देऊ नका. हात लावून किंचित थंड, जरा दमट वाटलं पाहिजे. पुढची मॅच आठवडाभर लांब असेल तर मधेच एकदा तळव्यावर चार थेंब पाणी शिंपडून चोळून ठेवा. पण सीलबंद प्लास्टिक पिशवीत ओले ठेवलेत तर बुरशी येणार, आणि ती काळ्या ठिपक्यांची बुरशी लेटेक्स खाते, आणि वासाबद्दल तर बोलायलाच नको. म्हणजे दमट, पण हवेशीर.

पायरी ६: मॅचच्या दिवशी

मैदानावर गेल्यावर तळव्यांवर पाणी ओता, बाटलीने, दोन्ही तळवे एकमेकांवर चोळा म्हणजे सगळीकडे सारखं पसरतं, आणि मग हलकेच दाबून जास्तीचं काढून टाका. टपकणारा ग्लोव्ह आणि कोरडा ग्लोव्ह, दोन्ही घसरतात, तुम्हाला हवा तो मधला. मी वॉर्मअपच्या १० मिनिटं आधी करतो, मग वॉर्मअपमध्येच समजतं कमी आहे की जास्त. हाफटाइमला परत. थुंकी लावणारे भरपूर आहेत, चालतं ते, पण बाटली गोलपोस्टजवळ ठेवली तर थुंकायची गरज नाही. बाटलीजवळ एक छोटा ओला नॅपकिनही ठेवा, माती लागली की लगेच पुसायची, कोरड्या धुळीत चोळत बसायचं नाही.

पाऊस असेल तर उलटं, पाणी वाढतच राहतं, म्हणून बॉल लांब असताना मूठ आवळून तळव्यातलं पाणी काढत राहायचं. तेल, व्हॅसलीन, सनस्क्रीन असलं काही हाताला लावून ग्लोव्ह घालू नका, तेल रबराला मऊ करून सुजवतं आणि मग ते सहज तुटतं. सनस्क्रीन लावायचं असेल तर लावून हात धुऊन मग ग्लोव्हज.

ग्लोव्हजशिवाय खेळता येतं का, असा प्रश्न कोणीतरी नेहमी विचारतं. नियमांत कीपरला ग्लोव्हज सक्तीचे नाहीत. २००४ च्या युरो कपमध्ये इंग्लंडविरुद्धच्या क्वार्टर फायनलला पोर्तुगालच्या रिकार्डोने पेनल्टी शूटआउटमध्ये ग्लोव्हज काढून एक पेनल्टी अडवली आणि मग स्वतःच निर्णायक पेनल्टी मारली. भारी किस्सा आहे, पण त्यावरून प्रॅक्टिसला उघड्या हाताने उभं राहू नका, नखं जातील.

पायरी ७: उठताना हात कसा टेकता ते बघा

आता जे सांगतोय ते कोणत्याही पॅकेटवर लिहिलेलं नसतं. ग्लोव्ह झिजतो तो बॉलने कमी, जमिनीने जास्त. डाइव्ह मारल्यावर उठताना आपण सहज पूर्ण तळवा जमिनीवर दाबून, त्यावर अंगाचा भार टाकून, थोडा सरकवून उठतो. तो अर्ध्या सेकंदाचा सरकता भार म्हणजे वीस शॉट अडवण्याइतकी झीज. त्याऐवजी कूस बदलून गुडघ्यावर या, आणि हात टेकायचाच असेल तर मूठ करून, बोटांच्या सांध्यांवर टेका. पहिले दोन आठवडे विसराल, मग सवय होते. तसंच डाइव्हनंतर हात जमिनीवरून फरपटत आणायची सवय असेल तीही सोडा, आणि खाली पडलेला बॉल खरवडून उचलायचा नाही, हात बॉलखाली घालून उचलायचा.

सहा आठवड्यांनी भाच्याचे ग्लोव्हज हातात घेऊन बघितले. उजवा तळवा ठीक, थोडा मळलेला. डाव्याचा मनगटाजवळचा भाग, बरोबर अंगठ्याच्या खालचा, नाण्याएवढा गुळगुळीत आणि त्याच्या मध्यभागी पांढरट, म्हणजे वरचा थर जाऊन खालचा दिसायला लागला होता. मी विचारलं, "डावीकडे डाइव्ह मारून उठतोस तेव्हा कसा उठतोस?" त्याने खाली बसून करून दाखवलं, डावा तळवा पूर्ण दाबून. स्वतःलाच कळलं, हसला.

ग्लोव्हवरची झीज अशी वाचता येते. मनगटाजवळ झीज म्हणजे उठण्याची सवय. बोटांच्या टोकावर झीज म्हणजे बॉल जमिनीवरून खरवडून उचलता. बोटाच्या टोकाची शिलाई सुटलेली म्हणजे ग्लोव्ह लहान आहे. बोटांच्या मुळाशी चीर म्हणजे ग्लोव्ह हातावर फिरतोय, कट किंवा साइज चुकली. पूर्ण तळवा एकसारखा गुळगुळीत आणि चकचकीत म्हणजे झीज नाहीच, घाण आणि कोरडेपणा आहे, धुऊन बघा, पुष्कळ वेळा जीव परत येतो.

किती वेळा धुवायचं आणि कधी टाकायचं

टर्फ किंवा मातीवर खेळलात तर प्रत्येक वेळी तळवा साध्या पाण्याने धुवा, दोन मिनिटांचं काम. साबण लावून पूर्ण धुणं दोन-तीन खेळांनंतर. वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, कपड्यांचा साबण, सॉफ्टनर, ब्लीच लेटेक्सला चालत नाहीत, आणि मशीनचा फिरणारा पीळ तर नाहीच नाही.

दोन जोड झाले की नवा मॅचला, जुना प्रॅक्टिसला, असं चालू द्या. नवा जोड थेट मोठ्या मॅचला नाही, आधी एक हलकी प्रॅक्टिस त्यात घालवा म्हणजे बोटं बसतात. मऊ लेटेक्सचा जोड मॅचच्या दिवशी फक्त सामन्यात, वॉर्मअपला जुना. प्रोफेशनल कीपर तर मऊ जोड मोजक्याच मॅच वापरून बदलतात, तेव्हा तुमचा जोड सीझनभर नव्यासारखा राहणार नाही, हे गृहीत धरा.

टाकायचा कधी? छोटी चीर, नाण्याएवढं टक्कल, बाजूचा उसवलेला धागा, हे चालतं. तळवा ओला करून अंगठा फिरवा, अंगठा अडखळतोय तोवर ग्लोव्ह जिवंत आहे. धुतल्यावर, ओला करूनही अंगठा सुळकन सरकला, किंवा दाबल्यावर लेटेक्स परत वर येत नसेल, किंवा बोटावर पूड राहत असेल, तर मॅचमधून काढा, प्रॅक्टिसलाही फक्त शूटिंगच्या सरावासाठी म्हणजे जिथे पकडायचं नाही, नुसतं ढकलायचंय तिथे. भाच्याचा डावा ग्लोव्ह अजून प्रॅक्टिसच्या बॅगेत आहे, ते पांढरं टक्कल तेवढंच आहे, वाढलेलं नाही, कारण आता तो मुठीवर उठतो.